विश्लेषण : तिबेटमध्ये मृताला ग्रंथ का वाचून दाखवतात?

तिबेटी बौद्धांत कुणी गेले की लामाला बोलावून मृताला उद्देशून ‘बार्दो थोडोल’ वाचून घेण्याची प्रथा आहे. बार्दो म्हणजे मधली अवस्था. इथे मृत्यू आणि पुनर्जन्म यांमधली, जास्तीत जास्त ४९ दिवसांची. थोडोल म्हणजे ऐकून मिळणारी मुक्ती. १९२७ मध्ये इंग्रजीत येताना त्याचे नाव ‘मृतांचा ग्रंथ’ झाले आणि ऐकण्याचा मुद्दाच मागे पडला.

आपण मेलो हेच मृताला उमगत नाही, असे ग्रंथ मानतो. नातेवाईक रडताना दिसतात, तो बोलतो; पण उत्तर कुणी देत नाही. म्हणून वाचणारा नावाने हाक मारून त्याला मृत्यूची जाणीव करून देतो. मृतदेह नसेल तर त्याच्या नेहमीच्या जागेपाशी बसून वाचायचे.

पुढे वैरोचन बुद्धाचा डोळे दिपवणारा निळा प्रकाश येतो आणि सोबत देवलोकाचा मंद पांढरा. घाबरलेला जीव साहजिकच मंद प्रकाशाकडे ओढला जातो आणि जन्मचक्रात अडकतो. निळ्याला भिऊ नको, तो तुझ्याच मनाचा आहे, हे त्याला बजावावे लागते.

जबाबदारी घरच्यांवरही आहे. त्यांनी मृताच्या नावाने पशुबळी दिला किंवा विधी उरकून टाकला, तर ते पाहून त्याला राग येईल आणि तो रागच त्याला खालच्या योनीत नेईल, असा इशारा ग्रंथात आहे. साधक मात्र तो जिवंतपणीच पाठ करतात. ऐन वेळी आठवला तर वाचणाऱ्याची गरज उरत नाही.