बिबट्या की कुत्रा? चमकत्या डोळ्यांवरून काय कळते

उसाच्या फडाच्या कडेला रात्री टॉर्च मारला आणि दोन हिरवे ठिपके चमकले, की पहिला अंदाज बिबट्याचाच असतो. मोबाइलवर फोटो निघतो, तो गावाच्या ग्रुपवर जातो आणि दुसऱ्या दिवशी कुणी पाणी द्यायला शेतात जायला तयार नसते. जुन्नरसारख्या भागात बिबटे उसातच राहतात आणि उसातच पिल्ले घालतात. त्यामुळे ही भीती पोकळ नाही. पण त्या फोटोतले ठिपके कुत्र्याचे, मांजराचे किंवा उदमांजराचेही असू शकतात. निव्वळ फोटोवरून बरेच काही सांगता येते, मात्र ते रंगावरून फार थोडे आणि अंतरावरून जास्त.

हे डोळे मुळात चमकतात कशामुळे? मांजर, कुत्रा, बिबट्या, गाय, शेळी, हरीण यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. त्याला टॅपेटम लुसिडम म्हणतात. डोळ्यात शिरलेला जो प्रकाश पहिल्या फेरीत टिपला जात नाही, तो या थरावरून उलटून पुन्हा दृष्टिपटलावर येतो. अंधुक उजेडात प्राण्याला पाहण्याची दुसरी संधी मिळते. त्यातूनही उरलेला प्रकाश बाहुलीतून बाहेर पडतो आणि जिकडून आला जवळजवळ तिकडेच परत जातो. म्हणून टॉर्च कमरेजवळ धरला तर डोळे फारसे चमकत नाहीत आणि कपाळाशी धरला तर लांबूनही लखलखतात. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असल्यामुळे त्याच्या फोटोंत ही चमक हमखास उतरते.

रंग ठरतो तो या थराच्या बांधणीवर. मांजर-कुत्र्यांत तो पेशींच्या आतल्या बारीक, शिस्तीत रचलेल्या कांड्यांचा असतो, तर गाय-शेळी-हरणांत कोलॅजनच्या तंतूंचा. कांड्यांमधले किंवा तंतूंमधले अंतर जसे असेल, तसा कधी निळा, कधी हिरवा, कधी पिवळा प्रकाश जास्त परत फिरतो. हे अंतर कायमचे ठरलेले नसते, याचा सर्वांत सुंदर पुरावा उत्तर ध्रुवाकडच्या रेनडिअरमध्ये सापडला. उन्हाळ्यात या हरणाचा टॅपेटम सोनेरी असतो आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या ध्रुवीय रात्रीत तो गडद निळा होतो. हिवाळ्यात डोळ्यातला दाब वाढून तंतू एकमेकांजवळ दाबले जातात आणि रंग पालटतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी मांडले. प्राणी तोच, डोळा तोच, ऋतू मात्र वेगळा.

आपल्याकडे ऋतूचा असा फरक पडत नसला, तरी कोनाचा आणि वयाचा पडतो. टॅपेटम साधारणपणे डोळ्याच्या मागच्या भिंतीच्या वरच्या भागातच असतो. कुत्र्याने मान किंचित वळवली, तर एका डोळ्यातून टॅपेटमची हिरवी चमक येते आणि दुसऱ्यातून टॅपेटम नसलेल्या भागाची लाल. एकाच फोटोत एक डोळा हिरवा आणि एक लाल दिसतो तो यामुळे. पिल्लांचा टॅपेटम पहिले काही महिने पुरता तयार झालेला नसतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत निळसर छटा येते. निळ्या डोळ्यांच्या सयामी मांजराचे डोळे फ्लॅशमध्ये बहुधा लालच उमटतात. फ्लॅश जोराचा असला तर ठिपका मधोमध पांढरा होऊन रंगच उडतो. इन्फ्रारेड कॅमेरा ट्रॅपच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत तर रंगाचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे ‘हिरवे म्हणजे बिबट्या’ हे म्हणणे टिकत नाही. हिरव्या-पिवळ्या चमकेवरून एवढेच म्हणता येते, की या डोळ्यात टॅपेटम आहे.

लाल रंग त्या मानाने थोडे जास्त सांगतो. माणूस, माकड आणि डुक्कर यांना टॅपेटम नसतो. त्यांच्या डोळ्यांतून परत येतो तो मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग, आणि तोही मंद. पण लाल दिसले म्हणजे टॅपेटम नाही, असे उलटे मात्र म्हणता येत नाही. मगरीला टॅपेटम असतो आणि तरीही तिचे डोळे निखाऱ्यासारखे तांबडे चमकतात. रस्त्यावर बसलेल्या रातव्याचे डोळेही तांबूस दिसतात.

खरी माहिती मिळते ती दोन ठिपक्यांमधल्या अंतरातून. ते नुसत्या नजरेने सांगणे मात्र धोक्याचे. दहा मीटरवर चार सेंटिमीटर अंतराने असलेले दोन ठिपके आणि वीस मीटरवर आठ सेंटिमीटर अंतराने असलेले दोन ठिपके डोळ्याला आणि कॅमेऱ्याला अगदी सारखे दिसतात. अंधारात ठिपके किती लांब आहेत हे कळत नाही, म्हणून जवळचे मांजर लांबचा बिबट्या होऊन बसते.

यावर उपाय सोपा आहे. समजा, बांधावरच्या बाभळीच्या बुंध्याशी डोळे चमकले आणि फोटोत बुंधाही आला. दिवस चांगला वर आल्यावर, दोघा-तिघांनी मिळून, त्या बुंध्याशी ३० सेंटिमीटरची पट्टी आडवी धरायची आणि रात्री जिथे उभे होतो तिथूनच, त्याच मोबाइलने, झूम न बदलता फोटो घ्यायचा. मग दोन्ही मूळ फोटोंत मोजायचे. ग्रुपवरून फिरून आलेला फोटो चालत नाही, कारण तो वाटेत लहान केलेला असतो. समजा, पट्टी ११० पिक्सेल भरली आणि दोन ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत २२ पिक्सेल आले. म्हणजे डोळ्यांमधले अंतर पट्टीच्या पाचव्या हिश्शाएवढे, ६ सेंटिमीटर. ठिपक्यांच्या कडांवरून मोजू नये, कारण चमक पसरून ठिपका फुगतो.

हे सहा सेंटिमीटर म्हणजे ‘निदान सहा’ असे समजायचे. प्राण्याचे तोंड थेट कॅमेऱ्याकडे नसेल तर अंतर कमी भरते. मान ६० अंशांनी वळली असेल तर ते निम्मेच दिसते. म्हणून फोटो अनेक असतील तर त्यांतले सर्वांत मोठे अंतर धरावे. घरातल्या मांजराच्या डोळ्यांत सुमारे चार सेंटिमीटर अंतर असते, म्हणजे मांजर बाद झाले. बिबट्या आणि मोठा कुत्रा दोघेही यादीत राहिले. शेळी आणि हरीण यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्यांच्यातले अंतर शरीराच्या मानाने मोठेच भरते. पण हे प्राणी बाजूला वळले तरी एक डोळा बराच वेळ चमकत राहतो. समोर डोळे असलेल्या बिबट्याने मान फिरवली की चमक लवकर विझते.

नदीत रात्री मगरींची मोजणी करणारे हा सावधपणा नेहमीच पाळतात. तांबडे डोळे दिसले की बोट जवळ नेऊन डोक्याची लांबी अजमावतात आणि तिच्या साधारण सातपट मगरीची लांबी धरतात. जवळ जाण्याआधीच मगर बुडाली, तर नोंदीत ‘फक्त डोळे’ एवढेच लिहितात, आकार लिहीत नाहीत. मोठी असावी वाटले म्हणून मोठी लिहिण्यापेक्षा ही पद्धत किती प्रामाणिक आहे.

बांधावरच्या प्राण्याबाबत आणखी एक माप हाताशी असते, ते जमिनीपासून डोळ्यांच्या उंचीचे. तीच पट्टी उभी धरून ते काढता येते. पूर्ण वाढलेला बिबट्या खांद्याशी साधारण ६० ते ७० सेंटिमीटर उंच असतो, पण चालताना डोके बरेचदा खांद्याच्या पातळीत किंवा त्याहून खाली ठेवतो, आणि दबा धरला तर डोळे जमिनीलगत येतात. कुत्रा अंगाने बुटका, पण मान वर धरतो. त्यामुळे ५५ सेंटिमीटर उंची आली तर दोघांपैकी कुणीही असू शकतो, आणि फोटो याहून पुढे नेत नाही. मग त्याच जागेवरची माती पाहावी लागते. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात त्या सहसा दिसत नाहीत. नखे नसलेला ठसा मिळाला, तर शेजारी तीच पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढावा, ठशावर घमेले पालथे घालावे आणि वनखात्याला कळवावे.