सपाट लॉग ते तयार रंग: एलयूटी नेमका काय करतो

लॉगमध्ये शूट केलेला शॉट पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा निराश होतो. सगळं राखाडी, धुरकट. काळं काळं नाही, पांढरं पांढरं नाही. मग त्यावर एक एलयूटी टाकला की चित्र जिवंत होतं. कधी मात्र तोच एलयूटी दुसऱ्या शॉटवर टाकला तर चेहरा काळवंडतो किंवा भाजल्यासारखा केशरी दिसतो. दोष एलयूटीत शोधला जातो, पण तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या पायरीत असतो. ती पायरी समजण्यासाठी सोनीच्या ए७एस ३ कॅमेऱ्यावरचा एस-लॉग३ हा प्रोफाइल घेऊ.

सेन्सर प्रकाश सरळ मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की आकडा दुप्पट. प्रकाशाच्या या प्रत्येक दुपटीला आपण एक स्टॉप म्हणतो. १०-बिटच्या फाइलमध्ये ० ते १०२३ असे आकडे मिळतात. सेन्सरचे आकडे त्यात जसेच्या तसे लिहिले, तर सर्वांत उजळ स्टॉप एकटाच अर्धे आकडे खाऊन टाकतो, त्याखालचा उरलेल्यातले अर्धे, आणि सावलीतल्या स्टॉपच्या वाट्याला मोजके आकडे येतात. लॉग ही वाटणी समान करतो. एस-लॉग३मध्ये गडद सावल्या सोडल्या तर प्रत्येक स्टॉपला सुमारे ७९ आकडे मिळतात. १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारं राखाडी कार्ड योग्य एक्सपोजरला ४२० या आकड्यावर बसतं. कॅमेऱ्याच्या झेब्राच्या मोजपट्टीवर ते ४१ टक्के. कागदासारखा पांढरा तिथे फक्त ६१ टक्क्यांवर येतो आणि त्याच्या वरची जागा उन्हासाठी मोकळी राहते. चित्र फिकं दिसतं ते यामुळेच. हेच ८-बिटमध्ये केलं तर एका स्टॉपला जेमतेम २० आकडे उरतात. पुढे कॉन्ट्रास्ट ताणला की आकाशात पट्टे दिसू लागतात. म्हणून लॉग वापरायचा तर १०-बिट हवंच.

आता एलयूटी. बारावीत वापरलेलं लॉग टेबलचं पुस्तक आठवा: आकडा शोधायचा, उत्तर तयार असतं, मधल्या आकड्यासाठी फरकाचे स्तंभ असतात. एलयूटी हे तसंच कोष्टक आहे. फरक इतकाच की त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे एकत्र शोधले जातात आणि उत्तरातही तीन आकडे मिळतात. त्याची `.cube` फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. सुरुवात साधारण अशी असते:

```
LUT_3D_SIZE 33
0.000000 0.000000 0.000000
```

३३ म्हणजे प्रत्येक रंगाच्या ३३ पायऱ्या, म्हणून एकूण ३३ × ३३ × ३३ = ३५,९३७ ओळी. १०-बिटमध्ये शक्य असलेले रंग शंभर कोटींहून जास्त आहेत, त्यामुळे दोन पायऱ्यांमधलं उत्तर सॉफ्टवेअर आजूबाजूच्या ओळींवरून काढतं. कोष्टक एवढंच करतं. समोर चेहरा आहे की भिंत, शॉट उजळ आहे की अंधारा, हे त्याला कळत नाही. एस-लॉग३साठी बनवलेला एलयूटी राखाडी ४२०वर आहे असं गृहीत धरतो. ते तिथे नसेल तर त्याची सगळी उत्तरं सरकतात.

एक शॉट पूर्ण करून पाहू. कोकणातल्या घराची पडवी. सावलीत बसून एक आजी सोलं वेगळी करत आहेत. मागे उन्हातलं अंगण, जांभ्याची भिंत आणि दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर. पडवीपेक्षा अंगणात ३ स्टॉप जास्त प्रकाश आहे. कॅमेऱ्यात `PP8` निवडलं की एस-लॉग३ आणि एस-गॅमट३.सिने हे रंगक्षेत्र मिळतं. आयएसओ ६४०, म्हणजे या प्रोफाइलची मूळ पातळी.

सावलीतला नॉइज दबावा म्हणून लॉग थोडा जास्त एक्सपोज करतात. किती, हे धोतर ठरवतं. पांढरा रंग राखाडीपेक्षा सुमारे २.३ स्टॉप वर असतो. त्यात उन्हाचे ३ मिळवले की ५.३. या कॅमेऱ्यात एस-लॉग३ ९४ टक्क्यांच्या आसपास संपतो आणि ती जागा राखाडीपासून ६ स्टॉपवर येते. पडवीतलं राखाडी कार्ड ४१ टक्क्यांवर ठेवलं तर धोतर ८८ टक्क्यांवर बसतं. एक स्टॉप वाढवला तर ते हद्दीबाहेर जातं, घड्या पुसल्या जातात आणि त्या नंतर कशानेही परत येत नाहीत. अर्धा स्टॉप वाढवला तर कार्ड ४५ टक्क्यांवर आणि धोतर ९२वर. इथे तोच निर्णय योग्य. झेब्रा आधी ४५वर लावून कार्ड आणि मग ९४ व त्यावर लावून धोतर पाहिलं की हे शूटिंगच्या वेळीच कळतं.

पुढचं काम दाविंची रिझॉल्वमध्ये. पहिला नोड दुरुस्तीचा, दुसरा एलयूटीचा, आणि हा क्रम बदलायचा नाही. पहिल्या नोडमध्ये ऑफसेट चाकाने सगळं चित्र अर्धा स्टॉप, म्हणजे सुमारे ३८ आकडे खाली आणायचं. वेव्हफॉर्मवर राखाडी कार्ड ४२०वर यायला हवं. प्रकाशातला गुणाकार लॉगमध्ये बेरीज होतो, म्हणून नुसतं सरकवणं हे कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर बदलल्याइतकं स्वच्छ ठरतं. लाल आणि निळा वेगवेगळे सरकवून कार्डाचे तीनही रंग एका रेषेत आणले की व्हाइट बॅलन्सही त्याच नोडमध्ये सुधारतो.

दुसऱ्या नोडवर सोनीचा `LC-709TypeA` हा एलयूटी. तो एस-लॉग३ आणि एस-गॅमट३.सिने यांना रेक.७०९ या टीव्हीच्या मानकात आणतो: सावल्या खाली, जांभा लाल, धोतर उजळ पण घड्यांसकट. एक्सपोजरची दुरुस्ती एलयूटीनंतर केली असती तर उजळ भाग आधीच दाबले गेले असते, आणि ते खाली ओढल्यावर धोतराऐवजी करडं ठिगळ मिळालं असतं.

उबदार उजेड, निळसर सावली असा खास लूक हवा असेल तर तो तिसऱ्या नोडवर, आणि रेक.७०९वर चालणाराच एलयूटी निवडायचा. काही लूक एलयूटी थेट लॉगवर चालतात. रूपांतर त्यांच्यातच असतं. ते इथे लावले तर एकच रूपांतर दोनदा होतं: काळे भाग गुदमरतात, त्वचा केशरी होते. रिझॉल्वचं कलर मॅनेजमेंट चालू ठेवून वर सोनीचा एलयूटी लावला तरी हेच लक्षण दिसतं. दुसऱ्या कंपनीच्या लॉगचा एलयूटी लागला असेल तर ओळखणं अवघड जातं. पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगमध्येही राखाडी जवळपास तिथेच, ४२ टक्क्यांवर असल्यामुळे उजेड बरोबर वाटतो, रंग मात्र चुकतात. अशा वेळी वेव्हफॉर्मऐवजी व्हेक्टरस्कोपवरची त्वचेची रेषा पाहावी.

लूक भडक वाटला तर त्या नोडच्या `Key Output` मधला गेन ०.६पर्यंत उतरवता येतो. रूपांतराच्या एलयूटीला हा उपाय करू नये, कारण तिथे कमी केलेल्या भागात कच्चा लॉग मिसळतो आणि चित्र पुन्हा धुरकटतं.

एकाच प्रसंगाचे अनेक शॉट असले तर आधी प्रत्येकाचं राखाडी पहिल्या नोडमध्ये ४२०वर आणावं, आणि दुसरा व तिसरा नोड सगळ्यांना सारखाच लावावा. त्यानंतरही पडवी आणि अंगणाचे शॉट शेजारी ठेवल्यावर रंग तुटत असतील, तर वेगळा दिसणारा शॉट पहिल्या नोडमध्येच पुन्हा तपासावा.