उपडी घागर: पावसाचा एक अभंग लिहिताना

आजचा एपिसोड आजीमुळे आहे. गुडघ्यांमुळे तिला आता देवळातल्या भजनाला जाता येत नाही. आषाढीच्या आधी फोनवर म्हणाली, "अरे, तूच एक अभंग लिही की. पावसाचा लिही. मी घरातच म्हणेन." मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण बसलो.

पहिला खर्डा वाईट होता. मोर, मेघ, मृदंग आणि "विरहाने जळते हृदय", सगळं एकाच कडव्यात. आजीने ऐकलं आणि विचारलं, "यातलं तू काय पाहिलंयस?" उत्तर नव्हतं.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. भाव बाजूला ठेवला आणि पावसात आजीच्या घरी खरंच काय दिसतं ते आठवलं. पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्या, दोरीवर न वाळणारे कपडे आणि वळचणीला ठेवलेली घागर. आजी रिकामी घागर उपडी ठेवते, आत कचरा जाऊ नये म्हणून. तिथे मी थांबलो. धो धो पाऊस पडतोय, घागर पावसातच आहे, तरी आतून कोरडी! ओढ म्हणजे आणखी काय? देव बरसतोच आहे, आपलंच तोंड खाली आहे.

आता साचा. आपण घेतोय तो मोठा अभंग. एका कडव्यात चार चरण, अक्षरं ६, ६, ६ आणि ४. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळतं. चौथा चरण आखूड असतो, त्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणून वजनदार शब्द तिथे ठेवायचा.

> उपडी घागर
> वळचणीपाशी
> राहिली उपाशी
> पावसात

मोजून बघा: उ-प-डी-घा-ग-र, सहा. पा-व-सा-त, चार. "उपाशी" ऐकताना वाटतं की पाऊस नसेल, आणि मग "पावसात" येतं. सगळी कळ त्या चार अक्षरांत आहे.

मोजताना माझी एक गंमत झाली. सवयीप्रमाणे मी पायथनला विचारलं. `len("तुझ्या")` ने उत्तर दिलं 6, कारण ते काना, उकार, हलन्त सगळं वेगळं मोजतं. अभंगात "तुझ्या" ही दोनच अक्षरं: तु आणि झ्या. जोडाक्षर एक धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचाही हिशोब नाही, गाणारा हवं तिथे लांबवतो. बोटांवर मोजणंच बरं.

दुसऱ्या कडव्यात तेच चित्र पुढे न्यायचं. माझा मोह होता की इथे छत्री आणावी, मग बेडूक. पण प्रत्येक कडव्यात नवं चित्र आणलं की गाणं यादी होतं. म्हणून घागर सोडली नाही:

> धारा तुझ्या देवा
> पाठीवर येती
> निसटून जाती
> अंगणात

तिसरं कडवं म्हणजे वळण. इथे मागणं येतं. पहिल्यांदा मी "दे मज शांती" लिहिलं होतं. पण घागर शांती मागेल का? ती एकच गोष्ट मागेल:

> सुलटी कर रे
> एकदा हाताने
> भरेन पाण्याने
> काठोकाठ

"भरेन" या एका क्रियापदाने घागर "मी" झाली. "माझे मन हे घागर आहे" असं सांगावं लागलं नाही. सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला करायला काही उरलं नसतं.

शेवटचं कडवं पालवीचं, नव्याने सुरू होण्याचं. भरलेल्या भांड्यात वाकून बघितलं की काय दिसतं?

> भरल्या पाण्यात
> दिसेल आभाळ
> सरेल दुष्काळ
> आतलाही

"आतलाही" मधला तो "ही" महत्त्वाचा. बाहेरचा दुष्काळ पावसाने सरतो, आतला सुलटं झाल्यावर. तो एक "ही" काढला तर पाऊस गाण्यातून निघून जातो.

शेवटी नाममुद्रा येते, म्हणजे कवीचं नाव. पण "तुका म्हणे" आपल्या रचनेला लावू नका. ती तुकोबांची सही आहे. मी कुणाचंच नाव घातलं नाही.

लिहून झालं की टाळी वाजवत मोठ्याने म्हणा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक अक्षर जास्त झालेलं असतं.

आषाढीला आजीने फोन स्पीकरवर ठेवून हा अभंग म्हटला. तिसऱ्या कडव्यावर थांबली. मला वाटलं विसरली. म्हणाली, "थांब रे, बाहेर घागर उपडीच आहे." आणि फोन तसाच ठेवून, गुडघे धरत, ती सुलटी करायला गेली.

तुमच्या घरी पावसात काय उपडं पडलंय? तिथून सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात!