पालखीची रेघ नकाशावर काढताना

वारीवर प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कधी ना कधी नकाशा द्यावासा वाटतो. आळंदी ते पंढरपूर एक तांबडी रेघ, तिच्यावर मुक्कामाच्या गावांचे ठिपके, खाली 'पालखीमार्ग' एवढा एकच शब्द. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हाताशी असलं तर असा नकाशा दुपारभरात तयार होतो. पण धर्माच्या अभ्यासात नकाशा हे विधान असतं. 'इथून लोक गेले' असं तो ठामपणे सांगतो, म्हणून त्याला पुरावा लागतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग समोर ठेवला, तर तो पुरावा कुठून येतो आणि कुठे अपुरा पडतो हे नीट दिसतं.

सुरुवात वेळापत्रकापासून करावी. पालखी सोहळ्याचं वेळापत्रक दरवर्षी छापलं जातं. त्यात तारीख, तिथी, दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम असतो : पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. ही यादी एक्सेलमध्ये भरून गावांची नावं संगणकाला दिली की तो अक्षांश-रेखांश आणून देतो. पहिली चूक इथेच होते. पुण्यासाठी तो शहराच्या मध्यावरचा एकच बिंदू देतो. प्रत्यक्षात माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. शोधनिबंध दोन्ही सोहळ्यांवर असेल आणि नकाशात दोघांचा एकच ठिपका असेल, तर महत्त्वाची माहिती पुसली गेली. खेड्यांचीही तीच गत. गावाच्या शिवाराचा मध्यबिंदू एखाद्या शेतात पडतो आणि पालखीतळ भलतीकडेच असतो. तो उपग्रहचित्रावर शोधून हातानेच टिपावा लागतो.

नावं सारखी असली की घोटाळा आणखी वाढतो. तुकोबांच्या पालखीचं बोरगाव माळशिरस तालुक्यातलं आहे, पण महाराष्ट्रात बोरगावं पुष्कळ. यावर सोपा उपाय असा की लागोपाठच्या दोन मुक्कामांमधलं अंतर काढून पाहायचं. एका दिवसात एवढा मोठा समाज चालतो त्याला मर्यादा आहे. कुठे चाळीस किलोमीटरच्या वरचा आकडा दिसला तर बहुतेक गाव चुकलेलं असतं. खात्रीसाठी नावासोबत जनगणनेतला गावाचा संकेतांकही तक्त्यात ठेवावा.

ठिपके बसल्यावर रेघेचा प्रश्न येतो. दोन ठिपके सरळ जोडले तर आळंदी ते पंढरपूर अंतर १९० किलोमीटरच्याही आत भरतं. पायी ते बरंच जास्त आहे. दिवे घाटात तर सरळ रेघ डोंगर फोडून जाते. म्हणून बरेच जण ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घेऊन त्यावरून मार्ग काढतात. हे ठीकच, पण मार्ग शोधणारी प्रणाली मोटारीच्या हिशेबाने चालते. गावाबाहेरून वळणरस्ता असला की ती रेघ तिकडे नेते, पालखी मात्र गावातून जाते. शिवाय पालखी महामार्गाचं रुंदीकरण अलीकडचं आहे. आजच्या रस्त्यांवर काढलेली रेघ १९६० सालच्या वारीची म्हणून छापता येत नाही.

जुन्या वाटेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे लागतात. स्कॅन केलेला जुना नकाशा संगणकात बसवला की रस्ते आजच्या उपग्रहचित्राशी जुळत नाहीत आणि विद्यार्थ्याला वाटतं, रस्ताच सरकला. बहुधा तसं काहीच झालेलं नसतं. जुने नकाशे एव्हरेस्ट या मापाच्या पृथ्वीवर आखलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापावर चालतं. पुणे-सोलापूर भागात या दोन मापांमुळे एकच ठिकाण शंभर ते दीडशे मीटर सरकलेलं दिसतं. ओळखायचं असं : नीरेचा जुना पूल, एखादं देऊळ, रेल्वेचा फाटा अशा न हललेल्या जागा तपासायच्या. सगळ्या एकाच दिशेने सारख्याच सरकल्या असतील तर मापाचा फरक आहे. प्रत्येक जागा वेगळ्या दिशेला गेली असेल तर नकाशा बसवतानाच चूक झाली आहे. हे दोन्ही निस्तरूनही जे वळण जुळत नाही, तिथेच रस्ता बदलल्याची शक्यता धरायची.

अंतर मोजतानाही जपायला हवं. अक्षांश-रेखांशातल्या थराची लांबी थेट मोजली तर उत्तर अंशांत येऊ शकतं आणि ते निरर्थक असतं. हा सगळा मार्ग यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात बसतो. थर त्यात बदलून घेतला (`EPSG:32643`) की मीटरमध्ये अंतर मिळतं.

स्वतः चालून घेतलेली जीपीएस नोंद सगळ्यांत विश्वासाची वाटते, पण तिलाही खोड आहे. विसाव्याला माणूस एका जागी बसलेला असतो, तरी फोन थोड्या थोड्या अंतरावर बिंदू टाकत राहतो, आणि त्यांचा गुंता अंतरात मिळून ते फुगतं. म्हणून थांबलेल्या वेळचे बिंदू आधी काढून टाकावेत. आणि ही नोंद एका माणसाची आहे. रथ रस्त्याने जातो, दिंड्या त्याच्या पुढे-मागे पसरलेल्या असतात, थकलेली माणसं आडवाट धरतात किंवा टेम्पोत बसतात. सोबत चालणाऱ्यांच्या फोनमधली नोंद घ्यायची तर त्यांना विचारूनच घ्यावी आणि रात्रीच्या निवाऱ्याचे बिंदू छापू नयेत.

रेघेची खरी मर्यादा इथे सुरू होते. नीरा ओलांडताना पादुकांना स्नान घालतात. नकाशावर मात्र रेघ पुलावरून सरळ पुढे जाते, आणि तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं त्याचाही तिच्यात मागमूस नसतो. अशा विधींसाठी निराळा थर करावा, त्याला वेगळं चिन्ह द्यावं. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात जे पाहिलं ते तर कोणत्याच थरात मावत नाही. एकाच वाटेवर, एकाच देवाचं नाव घेत चालणारे लोक जातीजातीच्या दिंड्यांत विभागलेले आहेत आणि वेगळे जेवताहेत, याचा त्यांना त्रास झाला. नकाशा त्या सगळ्यांना एका तांबड्या रेघेत एक करून टाकतो. शोधनिबंधात हे सांगितलं नाही तर नकाशा वाचकाची दिशाभूल करतो, मग रेघ कितीही अचूक असो.

वर्षाचंही तसंच. मुक्काम तिथीवर ठरतात. २०२० साली, करोनाच्या काळात, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. 'दरवर्षीचा मार्ग' असं लिहिणाऱ्याला त्या वर्षाचं काय करायचं ते ठरवावं लागेल. तक्त्यात प्रत्येक रेघेपुढे वर्ष आणि आधार असे दोन रकाने ठेवले की हा प्रश्न सुटतो.

म्हणून नकाशाखालची ओळ शेवटी घाईत लिहायची नसते. 'वारीचा मार्ग' याऐवजी ती साधारण अशी असावी :

'आकृती १. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीरथाचा मार्ग, २०२३. मुक्काम त्या वर्षीच्या छापील वेळापत्रकानुसार. ठिपके पालखीतळावर टिपलेले, पुण्यात पालखी विठोबा मंदिरावर. सलग रेघ चालून घेतलेल्या जीपीएस नोंदीची. तुटक रेघ रस्त्यांवरून काढलेल्या अंदाजाची. दिंड्यांच्या आडवाटा दाखवलेल्या नाहीत. प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर. रस्ते : © OpenStreetMap contributors.'

ओळ लांब झाली तरी चालेल. सलग आणि तुटक रेघेतला फरक तिच्यातून गेला, तर वाचकाला पाहिलेलं कोणतं आणि अंदाज कोणता, हे कळायला दुसरी जागा नाही.

जुन्या वारीच्या बाबतीत तुटक रेघच जास्त असते, कारण कागद हाती लागत नाहीत. तुमच्या घरी, दिंडीच्या पेटीत किंवा फडाच्या वह्यांत जुनी वेळापत्रकं, मुक्कामांच्या याद्या, शिधावाटपाच्या नोंदी असतील, तर त्या टाकून देऊ नका. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा आणि वर्ष ठाऊक असेल तर ते त्यावर लिहून ठेवा.