ताटाचा भाव ठरतो कुठे?

हिंजवडीत किंवा खराडीत एखाद्या कार्यालयाला दुपारच्या जेवणासाठी नवा केटरर हवा असला की प्रशासन विभागाच्या टेबलावर पाच-सहा कोटेशनं जमतात. पाहणाऱ्याची नजर थेट शेवटच्या पानावर जाते, कारण भाव तिथे लिहिलेला असतो. बहुतेक केटररही भावापासूनच सुरुवात करतात. शेजारची कंपनी ताटाला अमुक रुपये देते, आपण दोन रुपये कमी लावू, असा तो हिशेब असतो. हे करार अनेकदा तीन-चार महिन्यांत मोडतात. भाजी पातळ होते, पोळ्या लहान होतात, कोशिंबीर दिसेनाशी होते आणि मग एक दिवस केटररच नोटीस देतो. भाव ठरण्याची जागा वेगळीच असते. रोज किती ताटं उठणार, कोणत्या दिवशी काय शिजणार आणि शिजल्यापासून वाढेपर्यंत किती वेळ जाणार, या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की भाव जवळजवळ आपोआप बाहेर येतो.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, कार्यालयात रोज १५० माणसं जेवणार आहेत, आठवडा पाच दिवसांचा आहे आणि महिन्याचे २२ दिवस धरले आहेत. म्हणजे ३,३०० ताटं झाली. ताटात तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, आमटी-भात, कोशिंबीर आणि ताक आहे. आठवड्यातून एकदा गोड आहे. माणशी कच्चा माल साधारण असा लागतो: कणीक ९० ग्रॅम, तांदूळ ७० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, निवडण्याआधीची भाजी दीडशे ग्रॅम आणि तेल २० ग्रॅम. बाजारभावाने या सगळ्याचे ४३ रुपये धरू. गॅसचे ६ आणि नासधुशीचे ३ मिळवले की ५२ रुपये होतात. हा खर्च ताटामागे वाढतो आणि ताटामागेच कमी होतो.

दुसरा खर्च मात्र जागचा हलत नाही. आचारी, त्याचा मदतनीस, पोळ्या लाटणाऱ्या दोघी, दोन वाढपी, भांडी घासणारा, स्वयंपाकघराचं भाडं, टेम्पो आणि किडे-झुरळांसाठीची फवारणी मिळून महिन्याचे १,४८,५०० रुपये समजा. १५० माणसं जेवली तर याचा वाटा ताटाला ४५ रुपये पडतो. म्हणजे ताट ९७ रुपयांना तयार झालं आणि १०८ रुपये भाव लावला तर ११ रुपये हातात राहिले. कार्यालयासाठीच्या बिलावर ५ टक्के जीएसटी वेगळा लागतो. या दरात केटररला कच्च्या मालावर किंवा गॅसवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो कर आपल्या खर्चातच धरून भाव काढावा लागतो. नवखे केटरर हे विसरतात.

आता १५० ऐवजी ११०च माणसं आली असं समजा. बदललेल्या कार्यालयीन जगात ही नेहमीची गोष्ट आहे. मंगळवार, बुधवार, गुरुवार गर्दी असते आणि सोमवारी-शुक्रवारी निम्मी मंडळी घरून काम करतात. ११० ताटांवर तोच ठरलेला खर्च वाटला की ताटाला ६१ रुपये पडतात, एकूण खर्च ११३ वर जातो आणि १०८ रुपयांना विकलेलं प्रत्येक ताट पाच रुपये खातं. या हिशेबात नफा-तोट्याची रेघ रोजच्या १२१ ताटांवर आहे. म्हणून प्रस्तावात किमान हमीचं कलम हवं: कार्यालयाने रोज किमान १२५ ताटांचे पैसे द्यावेत, जेवणारे कमी आले तरी. १२५ वर केटररला ताटामागे दोनच रुपये उरतात, पण चूल पेटती राहते. कार्यालयाला हे कलम जाचक वाटतं. तेव्हा हाच हिशेब कागदावर मांडून दाखवावा आणि हमी नको असेल तर भाव किती चढेल तेही पुढे लिहावं. समंजस प्रशासकाला दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले की तो हमी निवडतो.

हमीला जोडूनच आकडा कळवण्याची वेळ ठरवायला हवी. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत अंदाज आणि सकाळी नऊला पक्का आकडा, ही वेळ दोघांनाही झेपते. नऊनंतर कणीक मळलेली असते आणि भाजी चिरलेली असते. मग कमी झालेल्या ताटांचे पैसे कमी होत नाहीत.

मेनूच्या चक्राकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण स्वयंपाकघर चालतं त्यावरच. एकाच आठवड्याचा मेनू फिरवत राहिला तर महिन्याभरात लोकांना सोमवारचा वास लिफ्टमध्येच ओळखता येतो आणि डबे परत सुरू होतात. चार आठवड्यांचं, वीस दिवसांचं चक्र पुरेसं असतं. ते आखताना चवीआधी हातांचा विचार करावा लागतो. मेथी किंवा शेपू निवडायला वेळ लागतो, म्हणून पालेभाजीच्या दिवशी उसळीऐवजी साधा रस्सा ठेवावा. तळणीचे दोन पदार्थ एका दिवशी आले तर कढई अडते. सोमवारी मोडाची मटकी कधीच ठेवू नये, कारण तिला मोड यायला शनिवारी रात्री भिजवावी लागते आणि रविवारी कुणीतरी येऊन उपसून बांधावी लागते. सोमवारी पिठलं, किंवा रविवारी रात्री भिजवून चालणारे छोले बरे पडतात. मटकी, मूग, चवळीची उसळ मंगळवारनंतर येते. गोड बुधवारी ठेवलं तर गर्दीच्या दिवशी ते सगळ्यांच्या ताटात जातं आणि उरत नाही.

चक्रात भाजीचं नाव पक्कं लिहिणं धोक्याचं असतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या कितीतरी पुढे गेला होता. ज्यांच्या करारात ‘टोमॅटोचं सार’ असं लिहिलेलं होतं त्यांना तो घ्यावाच लागला. ज्यांनी ‘सार किंवा कढी’ लिहिलं होतं त्यांनी कढी वाढली. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे एक पर्याय हवा आणि पर्याय वापरण्याचा अधिकार केटररकडे हवा, मात्र आदल्या दिवशी कळवून. उपासाचं ताट वेगळं मोजावं. श्रावणी सोमवार, आषाढी-कार्तिकी एकादशी आणि नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी मागणारे बरेच असतात. जैन ताटात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि त्याची कढई, चमचा वेगळा लागतो. त्याचा आकडा दोन-चारच असला तरी प्रस्तावात ते लिहिलेलं असावं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कटकट होते.

स्वच्छतेचं पान बहुतेक कोटेशनांत सारखंच असतं: टोपी, हातमोजे, अ‍ॅप्रन, स्वच्छ पाणी. ते हवंच. एफएसएसएआय परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि कर्मचाऱ्यांचे वार्षिक आरोग्य तपासणीचे दाखलेही हवेत. पण बाहेरून शिजवून आणलेल्या जेवणात खरी अडचण भातात असते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून वाफाळता दिसणारा भातही बाधू शकतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. यावर उपाय एकच आहे: शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

हे कागदावर आणायचं तर वेळापत्रक लिहावं लागतं. साडेबाराला पहिली पंगत असेल तर भात अकरापर्यंत उतरवायचा, सव्वाअकराला गरम राखणाऱ्या पेट्यांत भरायचा, साडेअकराला टेम्पो निघतो. टोचायचा थर्मामीटर तीनदा लावायचा: भरताना, पोहोचल्यावर आणि शेवटच्या पंगतीआधी. आकडे वहीत लिहायचे आणि ती वही कार्यालयाला कधीही पाहता यावी. पेट्या वाहतुकीसाठी असतात. वाढण्याच्या टेबलावर गरम पाण्यावर ठेवलेली भांडी लागतात. त्यांची वीज कुणाची, हेही लिहून ठेवावं. प्रत्येक पदार्थाचा नमुना स्वच्छ झाकणबंद डबीत, तारीख लिहून, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचा. कुणाला त्रास झाला तर कशामुळे, हे त्यावरून शोधता येतं. उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन येणार नाही, हे वाक्य करारात स्पष्ट असावं.

शाळेसाठीचा प्रस्ताव याहून वेगळा असतो. बारावीपर्यंतच्या शाळेला दिलेल्या केटरिंग सेवेवर जीएसटी लागत नाही, ताट लहान असतं आणि नेमाने सुट्ट्या येतात, म्हणून किमान हमी महिन्यावर न ठेवता शाळेच्या दिवसांवर ठेवावी लागते. २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ किंवा स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत, तेव्हा मधल्या सुटीच्या यादीत वडापाव किंवा थंड पेय टाकून प्रस्ताव आकर्षक करण्याचा मोह आवरावा. आणि साठवणीबद्दल अतिशय कडक असावं. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं होतं. तेल, डाळ, तांदूळ फक्त सीलबंद मूळ पिशवीतूनच, कीटकनाशकं व साफसफाईची रसायनं वेगळ्या खोलीत कुलपात, आणि मुलांआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची, ही कलमं त्या घटनेनंतर कुणाला अतिरेकी वाटू नयेत.

पैशांच्या कलमांत केटरर सगळ्यात जास्त मार खातात. वरच्या उदाहरणात महिन्याचं बिल साडेतीन लाखांच्या पुढे आहे. महिना संपल्यावर बिल आणि त्यानंतर तीस दिवसांनी पैसे, असं ठरलं तर पहिला चेक येईपर्यंत दोन महिन्यांचा किराणा, पगार, गॅस स्वतःच्या खिशातून जातो; किराणा दुकानदार मात्र आठवडा-पंधरवड्याच्या वर उधारी ठेवत नाही. पंधरवड्याचं बिल आणि पंधरा दिवसांत पैसे, अशी मागणी रास्त आहे. केटररची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. तो नोंदणी क्रमांक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घालावा. भाव सहा महिने स्थिर ठेवावा. व्यावसायिक गॅसचा दर दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, म्हणून १९ किलोचं सिलिंडर ठरलेल्या दरापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक चढलं तर ताटाला किती पैसे वाढतील, हे आधीच लिहून ठेवावं.

सेवेच्या अटींत वाढपाची पद्धतही असते. आमटी-भात हवा तितका, पोळी मागेल तशी, पण सुकी भाजी आणि गोड मोजून, असा प्रघात पुण्यात बराच चालतो आणि वरचं गणित त्यावरच उभं आहे. पोळ्या सरासरी तीन धरल्या आहेत, कुणी पाच खातो तर कुणी दीड. पहिले पंधरा दिवस चाचणीचे ठेवावेत. त्या काळात उरलेल्या अन्नाचं पदार्थवार वजन करावं, आणि पंधराव्या दिवशी दोन्ही बाजूंनी ते आकडे समोर ठेवून चक्रातले दोन-तीन पदार्थ आणि हमीचा आकडा पुन्हा ठरवावा.