आठ हजारांचा हप्ता, पन्नास लाखांची फी

मुलगा तीन वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी तो इंजिनिअरिंगला जाईल, म्हणजे हातात पंधरा वर्षं आहेत. समजा, खासगी कॉलेजची चार वर्षांची फी, वसतिगृह आणि मेस मिळून आज 12 लाख रुपये लागतात. घरातलं कोणीतरी हिशेब मांडतं: महागाई साधारण 5 टक्के, म्हणजे तेव्हा लागतील 25 लाख, गुंतवणुकीवर 8 टक्के सुटले तर महिन्याला 7,400 रुपये पुरतील. आकडेमोड बिनचूक आहे, पण महागाईचा दर चुकीचा घेतला आहे.

आपण बातम्यांत ऐकतो तो ग्राहक किंमत निर्देशांक सगळ्या खर्चाची सरासरी असतो. 2012 हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, शिक्षणाचा मात्र साडेचार टक्क्यांच्या आसपास. कांदा स्वस्त झाला की निर्देशांक उतरतो, कॉलेजची फी उतरत नाही. फीतला मोठा भाग प्राध्यापकांच्या पगाराचा असतो. कारखान्यात नवं यंत्र आलं की तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो. वर्गात साठ मुलांना शिकवायला शिक्षक तेवढेच लागतात आणि त्यांचे पगार मात्र बाकीच्या समाजाबरोबर वाढत जातात. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात हे दाखवून दिलं होतं.

शिवाय फी दरवर्षी सारखी वाढत नाही, तिला मधेच झटका बसतो. आयआयटीत बी.टेक.ची वार्षिक शिकवणी फी 2013 मध्ये 50 हजारांवरून 90 हजार झाली आणि 2016 मध्ये एकदम 2 लाख. चार-पाच वर्षं फी स्थिर दिसली म्हणून निश्चिंत राहणं धोक्याचं आहे. दर ठरवायचा तर मनातल्या कॉलेजची दहा वर्षांपूर्वीची फी मिळवा. ती दुप्पट झाली असेल तर वाढ वर्षाला सुमारे 7 टक्के, आणि 2.6 पट झाली असेल तर 10 टक्के.

आपण 10 टक्के धरू. मग 12 लाखांचे पंधरा वर्षांनी 50 लाख होतात. आधीच्या 25 लाखांच्या बरोबर दुप्पट! दर महिन्याला एकसारखीच रक्कम टाकायची आणि परतावा 8 टक्के धरायचा, तर हप्ता 14,850 रुपये येतो. पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्के दराने तो 16,000च्या आसपास जाईल, आणि तिथे वर्षाला दीड लाखाहून जास्त भरताच येत नाहीत.

तीन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना 14,850 ऐकूनच धडकी भरते, आणि बरेच जण तिथेच वही मिटतात. मला त्याचीच सर्वांत जास्त हळहळ वाटते, कारण मार्ग आहे. फी दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढणार असेल, तर हप्ताही दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवायचा. मग सुरुवात 8,000 रुपयांनी करून भागतं. म्हणजे चुकीच्या हिशेबातल्या 7,400 पेक्षा फक्त सहाशे रुपये जास्त. दुसऱ्या वर्षी 8,800, तिसऱ्या वर्षी 9,700 आणि शेवटच्या वर्षी सुमारे 30,500. हा शेवटचा आकडा मोठा वाटतो, पण तो पंधरा वर्षांनंतरच्या पगारातून द्यायचा आहे. अट एवढीच की पगारही तसा वाढायला हवा. वाढ 5 टक्क्यांचीच असेल आणि हप्ताही तेवढाच वाढवणार असाल, तर सुरुवात 11,000 पासून करावी लागेल.

हे गणित बिघडतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. एसआयपी सुरू होते आणि हप्ता वाढवायचा राहून जातो. कुठेही काही चुकल्यासारखं दिसत नाही, शिल्लक वाढतच असते. म्हणून एसआयपी सुरू करतानाच वार्षिक वाढीचा पर्याय निवडावा. आणि दर जूनमध्ये कॉलेजची त्या वर्षीची फी पाहून हिशेब नव्याने मांडावा. वाढ 10 ऐवजी 8 टक्क्यांचीच निघाली तर लक्ष्य 38 लाखांवर येतं आणि सुरुवातीचा हप्ता 6,100 वर.

राहिला परतावा. 8 टक्क्यांची खात्री कोणी देत नाही. तो काही भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात आणि काही ठेवींत ठेवून धरलेला अंदाज आहे. 2008 या एकाच वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता. त्या वर्षी ज्यांच्या मुलांचे प्रवेश होते, त्यांना बाजार सावरेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. म्हणून मूल दहावीत गेलं की फंडातले पैसे थोडे थोडे मुदत ठेवीत हलवावेत आणि बारावीच्या निकालाआधी निदान पहिल्या दोन वर्षांची फी तिथे पोचलेली असावी. परतावा थोडा कमी होईल, पण प्रवेशाच्या दिवशी रक्कम पूर्ण हातात असेल.