फोन दुरुस्त कोण करणार?

‘आय विल मेक माय फोन रिपेअर्ड.’ हे वाक्य चुकीचं आहे, पण त्यामागचा विचार अगदी चोख आहे. बोलणाऱ्याला नेमकं ठाऊक आहे की फोन आपण उघडणार नाही, दुकानातला माणूस उघडणार. मराठीत त्यासाठी ‘करणे’चं ‘करवणे’ होतं, ‘करवून घेतो’ म्हटलं की काम भागतं. शाळेत प्रयोजक क्रियापद शिकताना ‘करवणे म्हणजे मेक’ असं डोक्यात बसलेलं असतं. मग ‘मेक’ लावलं, पुढे ‘रिपेअर्ड’ जोडलं, झालं वाक्य! इंग्रज मात्र ते ऐकून थबकतो. का?

त्यासाठी जरा मागे जाऊ. आपल्याकडे एका क्रियापदातून दुसरं काढण्याची सोय किती सहज आहे बघा. बसणे, बसवणे. शिकणे, शिकवणे. पडणे, पाडणे. या शेवटच्या जोडीत तर प्रत्ययही दिसत नाही, फक्त ‘प’चा ‘पा’ होतो. आता इंग्रजीत पाहा: ‘फॉल’ म्हणजे पडणे, आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे! (नापास होण्याचं ‘फेल’ वेगळं, हे लाकूडतोड्याचं.) ‘सिट’ बसणे, ‘सेट’ बसवणे. ‘राइज’ उठणे, ‘रेज’ उठवणे. हा योगायोग नाही. संस्कृतात ‘पतति’चं ‘पातयति’ करणारा प्रत्यय आणि जुन्या जर्मानिक भाषांत या जोड्या घडवणारा प्रत्यय हे एकाच पूर्वज भाषेतून आलेले सख्खे भाऊ आहेत. म्हणजे इंग्रजीकडेही एके काळी ‘करवणे’ होतं!

मग त्याचं काय झालं? तो प्रत्यय झिजून गेला. जाताना आधीच्या स्वरावर आपला ठसा ठेवून गेला, म्हणून ‘फॉल’चं ‘फेल’ दिसतं, पण नव्या जोड्या घडवायची ताकद संपली. ‘रिपेअर’पासून ‘दुरुस्त करवणे’ असा एकच शब्द इंग्रजीला बनवता येत नाही. त्यामुळे ते काम सुट्या क्रियापदांवर येऊन पडलं: मेक, हॅव, गेट. आणि प्रत्येकाने आपापल्या अटी घातल्या.

‘मेक’ची अट कडक. त्याच्यापुढे करणारा माणूस हवा आणि क्रियापद मूळ रूपात हवं: ‘आय विल मेक हिम रिपेअर माय फोन’. हे वाक्य शुद्ध आहे, पण अर्थ काय होतो? त्याची इच्छा असो वा नसो, मी त्याला दुरुस्त करायला लावीन. दुकानदाराची कॉलर धरल्यासारखं! पैसे देऊन, पावती घेऊन काम करून घेण्याला ‘मेक’ चालत नाही.

तिथे येतात ‘हॅव’ आणि ‘गेट’. ‘आय विल हॅव माय फोन रिपेअर्ड’, किंवा रोजच्या बोलण्यात ‘आय विल गेट माय फोन रिपेअर्ड’. दुकानदार वाक्यातून गायबच झाला! त्याचा उल्लेख करावासा वाटला तर शेवटी ‘बाय’ लावून करता येतो, पण गरज नसते. लाँड्रीवाला कपड्यावर चिठ्ठी टाचतो, तसं ‘रिपेअर्ड’ हे तिसरं रूप फोनवर टाचलेलं आहे. काम या वस्तूवर होणार, एवढंच ते सांगतं.

म्हणून वाक्य जुळवताना एकच प्रश्न विचारा: हॅव किंवा गेटच्या लगेच पुढे कोण आहे, ज्यावर काम होणार ती वस्तू की काम करणारा माणूस? वस्तू असेल तर तिसरं रूप. माणूस असेल तर ‘हॅव’नंतर मूळ रूप: ‘आय विल हॅव हिम रिपेअर इट’, म्हणजे त्याच्याकडे ते काम सोपवीन. ‘गेट’ला मात्र माणसानंतर ‘टू’ लागतो: ‘आय विल गेट हिम टू रिपेअर इट’. यात थोडी मनधरणीही ऐकू येते. तो पटकन तयार होणारा नसावा. ‘हॅव हिम टू रिपेअर’ आणि ‘गेट हिम रिपेअर’ या दोन चुका हमखास होतात, कारण ‘टू’ नेमका उलट्या घरात जाऊन बसतो.

आता खरी गंमत. शब्द तेच ठेवा, फक्त जागा बदला. ‘आय हॅड माय फोन रिपेअर्ड’: मी फोन दुरुस्त करून घेतला. ‘आय हॅड रिपेअर्ड माय फोन’: मी स्वतः फोन दुरुस्त केला होता. फोन एक घर मागे सरकला आणि स्क्रूड्रायव्हर दुकानदाराच्या हातातून माझ्या हातात आला!

हे कसं झालं? साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘माझ्याकडे तो बांधलेल्या स्थितीत आहे’ अशा धाटणीची वाक्यं होती. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, आणि ‘बांधलेला’ हे कर्माचं विशेषण. कधी कधी त्याचं रूप कर्माप्रमाणे बदलायचं, जसं आपण ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो. एखादी गोष्ट बांधलेल्या स्थितीत माझ्याकडे असेल, तर बहुधा मीच ती बांधली असणार. या ‘बहुधा’तून पूर्ण काळाची रूपं जन्माला आली. पुढे तिसरं रूप सरकून ‘हॅव’ला चिकटलं की ‘मी केलं’, आणि कर्माच्या मागे राहिलं की ‘करवून घेतलं’, अशी वाटणी पक्की झाली.

करवून घेणारं ‘हॅव’ हे साहाय्यक नसून पूर्ण क्रियापद आहे, हे प्रश्न विचारला की लगेच कळतं. ‘डिड यू हॅव युअर फोन रिपेअर्ड?’ असं ‘डिड’ घेऊन विचारावं लागतं. काळ बदलायचा तर तोही हेच क्रियापद सोसतं. ‘रिपेअर्ड’ जागचं हलत नाही. म्हणूनच ‘आय हॅव हॅड इट रिपेअर्ड’ हे चाचरल्यासारखं वाटणारं वाक्य बिनचूक आहे. पहिला ‘हॅव’ काळाचा, दुसरा करवून घेण्याचा.

मराठी माणसाची दुसरी सवय ‘मेक’ लावण्याच्या उलट आहे. आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि न्हावी गृहीत धरतो. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर समोरच्याला आरसा आणि तुमच्याच हातातली कात्री दिसते. ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ असं मात्र इंग्रजीतही सर्रास म्हणतात, गवंडी न दाखवता. बादशहाने विटा रचल्या असतील अशी शंका कोणाला येणार?

आणि ‘मेक’नंतर तिसरं रूप कधीच येत नाही का? येतं, पण मोजक्या शब्दांत: ‘मेक युअरसेल्फ हर्ड’, ‘मेक युअरसेल्फ अंडरस्टुड’, आपलं म्हणणं ऐकू जाईल, समजेल असं करणे. ‘रिपेअर्ड’ला त्या घोळक्यात प्रवेश नाही.

एक वळण अजून उरलं. ‘आय हॅड माय फोन स्टोलन.’ साचा तोच, हॅव, वस्तू, तिसरं रूप. मग मी फोन चोरवून घेतला का? नाही, माझा फोन चोरीला गेला. हवंसं काम असेल तर हा साचा ‘करवून घेतलं’ सांगतो, नकोसं असेल तर ‘माझ्यावर ओढवलं’. व्याकरणात कुठलीही खूण नाही. निवाडा ऐकणाऱ्याच्या व्यवहारज्ञानावर सोडलेला. फोनचा विमा उतरवलेला असेल आणि हेच वाक्य कोणी डोळा मिचकावत म्हटलं, तर मात्र पहिला अर्थही शक्य आहे.